लाल रस

माझ्या यजमानांना, आदगोंडांना, लाल लघवी झाली त्या दिवशी त्यांनी मला आनंदानं हाक मारली. "गुणमाला, बघ! निघायला लागलं."

ते चौऱ्याहत्तर साल. आम्ही माधवनगरला राहत होतो आणि यजमान तिथल्या गिरणीत मागांवर मुकादम होते. दोन वर्षांपासून त्यांचे पाय सुजायचे. सांगलीच्या डॉक्टर सबनीसांनी रक्त तपासून सांगितलं होतं, मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतायत. गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहून दिलं : मीठ कमी, शहाळं बंद, फळांचे रस बंद. तो कागद मी देवघराशेजारी खुंटीला अडकवला होता.

तो कागद उतरवायला लावला लालासाहेबानं. हा फलटणकडचा. लष्करात दवाखान्यात गडी होता, असं सांगे. विश्रामबागेत त्यानं रक्तशुद्धी केंद्र काढलं होतं. भिंतीवर यकृताचं मोठं चित्र, त्यावर डांबराचे डाग. "मालक, हे तुमचं यकृत. पन्नास वर्षांचं विष तुंबलंय. गटार साफ केल्याशिवाय पाणी वाहील का? एकवीस दिवस नुसता रस. ह्या गोळ्या म्हंजे आणखी विष."

यजमानांनी गोळ्या सोडल्या. मी तिथंच विरोध केला तेव्हा लालासाहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमच्या धर्मातच हाय की हे. तुमी जैन लोक उपास कशाला करता? विष जाळायलाच ना?"

मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. लहानपणापासून मी अष्टमी-चतुर्दशीला उपवास करते. तो आत्म्यासाठी. मोरी धुण्यासाठी मी एकदाही उपाशी राहिलेली नाही.

सकाळ-संध्याकाळ दोन लोटे लाल रस. "डाळिंब, कोकम आणि लाल भोपळा, पाणी गाळलेलं," असं लालासाहेबानं सांगितलेलं. यजमान सायकलनं जाऊन पिऊन यायचे. दुसऱ्याच दिवशी लघवी लाल आली. लालासाहेब म्हणाला, घाण रक्त सुटलं, आता थांबायचं न्हाई. आणि ह्यांना पटलं. कुणाला पटणार नाही? डोळ्यांना दिसत होतं.

नवव्या दिवशी सायकलवर पाय टाकताना हे खाली बसले. म्हणाले, मांड्यांत जीवच नाही. नाडी माझ्या बोटाखाली थांबत थांबत चालली होती. "डॉक्टरांकडे जाऊ या," मी म्हटलं.

"विष निघताना अशक्तपणा येतोच. तो म्हणालाय. तू रस घेऊन ये."

मी बाटली घेऊन गेले. केंद्राच्या मागच्या पडवीत रंगूबाई नावाची बाई रस काढत होती. माझा नियम आहे, नजरेखालून न गेलेलं काही घरात घ्यायचं नाही. आठ दिवस तो मी मोडू दिला होता. त्या दिवशी वाकून पाहिलं. सुपात मातकट, गोल, शेपटीवाले कंद होते. रंगूबाईचे हात कोपरापर्यंत लालभडक.

"हे काय, बाई?"

"आवं, बीट हाय. दुसरं काय असतंय? डाळिंबाच्या भावात रस परवडंल व्हय त्यास्नी?"

आमच्या घरात कंदमूळ येत नाही. बीट मी बाजारात लांबून पाहिलं असेल, कापलेलं कधीच नाही.

"तुमी खात न्हाई जणू," ती हसली. "मग घाबरू नगा, पयल्यांदा प्यालं की मोरीत बी लाल दिसतं. समद्यांस्नी न्हाई, पर लय जणांस्नी. आमचा म्हातारा तर रडायलाच लागला, म्हनला, मी आता जातो गं!"

तिला कसली गंमत वाटत होती! हा माणूस जैनांना बीट पाजत होता, आणि जैनांना बीट माहीत नाही यावरच त्याचं सगळं चाललं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी म्हातारीनं सांगितलं असतं, अरे, बीट खाल्लंस काय!

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "औषध म्हणून गेलं पोटात. प्रायश्चित्त घेईन. पण रंग विषाचाच आहे. बीटाचा रंग लघवीत कसा येईल? तुला कुणी चढवलंय?" आणि बाटलीकडे हात केला.

मी बाटली उचलली. माझ्या हयातीत जमिनीखालचं काही माझ्या जिभेला लागलेलं नव्हतं. णमोकार मंत्र म्हटला आणि उभ्यानं सगळी प्याले. माती चाटल्यासारखी चव. ते "गुणमाला! गुणमाला!" करत राहिले.

दुपारी मी त्यांना मोरीपाशी नेलं. लाज वाटली, पण नेलं. "बघा," म्हटलं. "माझंही लाल. मला कोणता आजार आहे? माझं पन्नास वर्षांचं विष एका बाटलीत सुटलं का?"

त्यांनी वाकून पाहिलं. मग भिंतीला हात लावून म्हणाले, "टांगा बोलाव."

डॉक्टर सबनीसांनी नाडीला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, लगेच शिरेतून इंजेक्शन दिलं. रक्त तपासायला पाठवलं. मला बाहेर बसवलं. रात्र झाली तरी मी पाण्याचा घोटही घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी फडक्यानं गाळता, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव, ती जिवाणी, परत विहिरीत सोडता, होय ना?"

"हो."

"मूत्रपिंड तसंच. दिवसातून कितीतरी वेळा सगळं रक्त गाळतं, कामाचं ते रक्तात परत सोडतं, नको ते लघवीत. आणि यकृत औषधं, दारू, शरीरात तयार झालेली घाण यांचं रूप पालटतं, म्हणजे ती पित्तातून, लघवीतून बाहेर जावी. ते तुंबलेलं गटार नव्हे, कारखाना आहे. रसानं त्याला धुता येत नाही. निरोगी माणसाला रसाची गरज नाही. आणि तुमच्या यजमानांचं फडकं जीर्ण झालेलं. बीट, फळं यांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. चांगली मूत्रपिंडं जास्तीचा बाहेर टाकतात. यांना टाकता आला नाही. रक्तात साठला आणि हृदय बंद पडायला आलं. आणखी दोन दिवस गेले असते तर..."

यजमानांचा जीव वाचला. मूत्रपिंडं मात्र पूर्वीपेक्षा खालावली. जे होतं त्यातलंही त्या रसानं नेलं.

मंदिरात जाऊन मी पंडितांना सगळं सांगितलं. त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून तीन उपवास सांगितले. ते मी केले, आणि पारण्याच्या सकाळी, तोंडात काही घालायच्या आधी, विश्रामबागेत गेले. पडवीत दहा-बारा जण लोटे घेऊन बसले होते, त्यांत आमच्याच गल्लीतली चंदनबाला.

"या ताई! मालक कसे आहेत?" लालासाहेब म्हणाला. "मधीच सोडलं. विष अर्धं राहिलं बघा."

मी सुपातला एक चिरलेला कंद उचलला आणि चंदनबालेच्या हातात ठेवला. "हे बीट आहे. तुझी लाल लघवी याचीच. माझीही झाली होती. मला काही आजार नाही."

"ताई, हळू बोला," तो म्हणाला.

"मी हळूच बोलते आहे."

चंदनबालेनं लोटा खाली ठेवला. तिच्या शेजारचा म्हातारा लोट्यात वाकून बघू लागला. "आयला, बीट?" तो म्हणाला. "आन मी गावभर सांगतोय माझी घाण निघाली म्हनून!" रंगूबाई पदरात तोंड घालून हसत होती.

मी बोट धुतलं. त्याचा लाल रंग काही जाईना. तशीच घरी आले आणि डॉक्टरांचा कागद परत खुंटीला लावला.