अंबुजाचं खातं

अंबुजाचं खातं मीच उघडलं आणि ते मीच बुडवलं. बँक बुडाली नाही, हां! कुंभकोणमची आमची बँक ठणठणीत होती. बुडालो तो मी, तिथला कारकून नरसिंह.

साल बावन्न. तुकोजी माझा लहानपणापासूनचा दोस्त, पितळी भांड्यांचा दुकानदार. त्याची धाकटी लेक अंबुजा चौदा पूर्ण झाली आणि शाळेचा दाखला घेऊन एकटीच बँकेत आली. आमच्याकडे चौदाच्या पुढची मुलं स्वतःच्या सहीनं बचत खातं उघडू शकत. बाप नको, पालक नको. पोरगी चार मुलांना गणित शिकवायची आणि महिन्याला चार-पाच रुपये मिळवायची. शाळा संपली की तंजावरला शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायचं होतं तिला. वसतिगृहाला आणि पुस्तकांना शंभर रुपये लागणार होते.

कार्डावर दोन सह्या घेतल्या, पासबुक दिलं आणि नियम सांगितले. ‘‘चेक नाही. आठवड्यातून एकदाच काढायचे, तेही चाळीसच्या वर नाही. स्वतः यायचं, पासबुक आणायचं, सही करायची.’’

तिनं पासबुक उलटंपालटं केलं. ‘‘मामा, कुणी दिले, कशाला काढले, ते ह्यात लिहितात?’’

‘‘छे! तारीख, जमा, खर्च, शिल्लक आणि वर्षाचं व्याज. बस.’’

‘‘अप्पांना दिसेल?’’

‘‘तू पुस्तक दाखवलंस तर.’’

‘‘आणि इथं येऊन विचारलं तर?’’

‘‘खातं तुझं. आम्ही सांगत नाही,’’ मी छाती फुगवून म्हणालो. शहाणाच की नाही मी!

दोन वर्षं ती दर महिन्याला आली. चोपन्नच्या आश्विनात तुकोजी काउंटरशी आला. थोरल्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं, जावयाची पहिली दीपावली सासऱ्याकडे. आमच्या गावात त्या दिवशी जावयाला अंगठी आणि रेशमी धोतर द्यावंच लागतं, नाहीतर लेकीनं सासरी तोंड कसं दाखवायचं? तुकोजीचा हात आखडलेला.

‘‘नरश्या, अंबूच्या पुस्तकात किती असतील रे? पाच-दहा असतील तर पोरीला उगाच कशाला दुखवू? तेवढं सांग, म्हणजे विचारायचं की नाही ते कळेल.’’

आजूबाजूला सगळी तमिळ बोलणारी माणसं आणि तो आमच्या घरच्या मराठीत विचारतोय. बँकेत असल्याचं मला वाटेचना, जणू त्याच्या ओट्यावर कॉफी पीत बसलोय. पटकन बोलून गेलो, ‘‘एकशे चोवीस.’’ त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून मला बरंदेखील वाटलं. आग लागो माझ्या जिभेला!

तुकोजीनं पोरीकडे जवळजवळ सगळेच मागितले. पण चाळीसची मर्यादा होती, म्हणून तीन आठवडे लागले. पहिल्या सोमवारी तुकोजी तिला घेऊन आला. तिनं सही केली आणि नोटा बापाच्या हातात दिल्या. दुसऱ्या सोमवारीही तेच. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

तिसऱ्या सोमवारी ती एकटीच आली. बाप सोनाराकडे बसला होता. तिनं अर्ज पुढे सरकवला आणि तमिळमध्ये विचारलं, परक्या गिऱ्हाइकानं विचारावं तसं, ‘‘सार, आज तुम्हाला ‘नाही’ म्हणता येईल असा काही नियम आहे?’’

नियम होता. पोर मनाविरुद्ध पैसे काढतेय असं वाटलं, तर पैसे रोखून तिला एजंटसाहेबांकडे, म्हणजे शाखेच्या मुख्य साहेबांकडे न्यायचं. साहेब पाच पावलांवर बसले होते. पण मला दिसला तुकोजी, जावयासमोर रिकाम्या हातानं उभा. आणि साहेबांनी विचारलं असतं, शिल्लक बापाला कळली कशी? खरं सांगतो, मी त्या प्रश्नाला घाबरलो.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. चाळीस रुपये मोजून दिले.

अंगठी झाली, दीपावली झाली. तुकोजी ‘पुढल्या वर्षी भरतो’ म्हणत राहिला. वाईट नव्हता हो तो, फक्त पुढलं वर्ष कधी आलंच नाही. अंबुजा तंजावरला गेली नाही. गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत राहिली. बँकेत मात्र एक आणासुद्धा भरला नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर ती आली. मी घाईघाईनं नवं कार्ड काढलं. ‘‘आता तू सज्ञान. नवी सही कर, चाळीसचा नियमही राहत नाही.’’

‘‘खातं बंद करायचंय, मामा.’’ किती दिवसांनी मामा म्हणाली! चार रुपये आणि थोडं व्याज होतं. मी मोजून दिलं.

माझ्यानं राहवेना. ‘‘अगं, पण आता पैसे ठेवशील कुठं?’’

तिनं नाणी पदराच्या टोकाला बांधली.

‘‘तांदळाच्या डब्यात,’’ ती म्हणाली. ‘‘अप्पांनी विचारलं तरी डबा बोलत नाही.’’