चात्तुक्कुट्टीचे मंगळवार

आमच्या केंद्रात काम करणारे सगळे फुकट राबतात, म्हणून एकमेकांना टोमणे मारायचा हक्क सगळ्यांना आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुवायच्या, लघवीची नळी बदलायची, दोन शब्द बोलायचे, हे आमचं काम. पगार फक्त जिन्सी सिस्टरला. मी औषधांचं कपाट सांभाळतो. मोयदीनक्का जीप चालवतात आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिवी देतात. आणि कुणाकडे कोणत्या दिवशी जायचं हे ठरवते रम्लत.

रम्लत पूर्वी सहकारी सोसायटीत कॉम्प्युटरवर बसायची. बाईला नीटनेटकेपणाचं वेड. आमची पूर्वीची वही तिने एका आठवड्यात कॉम्प्युटरवर चढवली, शीर्षकांना हिरवा रंग दिला, प्रत्येक रकान्यातला मजकूर बरोबर मध्यभागी आणला. रोज सकाळी त्या दिवसाची तारीख निवडली की तेवढीच नावं समोर येतात, ती ती फळ्यावर लिहिते, आणि जीप निघते. फळ्यावर जे नाव आहे तिथे आम्ही जातो. नाही तिथे जात नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. कर्किडक, आमच्याकडचा ऐन पावसाचा महिना, सरत आला होता, आणि केंद्रात त्या महिन्याची औषधी कांजी, म्हणजे पेज, पिऊन पिऊन सगळ्यांची तोंडं कडू झाली होती. मोयदीनक्का कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या, चहाचा पेला घेऊन आले आणि म्हणाले, "काय हो सिस्टर, टेकडीवरचा चात्तुक्कुट्टी बरा झाला की काय? रेशन दुकानात त्याची बायको दिसली. मला बघितलं आणि मान फिरवून चालायला लागली."

"पाठीचा मणका मोडलेला माणूस बरा कसा होईल?" सिस्टर म्हणाली. "दुसऱ्या युनिटकडे दिला ना त्याला? फळ्यावर नाव येतच नाही."

"मी कुणाला दिला नाही," रम्लत म्हणाली.

"मला आपलं वाटलं, बरं झालं," मोयदीनक्का म्हणाले. "तो चढ म्हणजे जीपचा जीव घेतो." हे बोलताना ते हसत होते. मग त्यांनी रम्लतचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

चात्तुक्कुट्टी सुपारीच्या झाडावरून पडला होता. जूनच्या सुरुवातीला तो मेडिकल कॉलेजमधून घरी आला, आणि त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. दर मंगळवारी धुवायची, असं ठरलं. पहिल्या दोन मंगळवारी आम्ही गेलो, कारण माणूस नवा होता आणि रम्लतने त्याचं नाव आठवणीने फळ्यावर लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने सिस्टरच्या अंगावर चहा फेकला. "मेलेल्या पायांना पुसायला कशाला येता? मरेन तेव्हा या!" असं म्हणाला. असली माणसं आम्हाला नवी नाहीत. सिस्टरने पदर झटकला आणि पट्टी पुरी केली.

रम्लत कॉम्प्युटरपाशी बसली. आम्ही तिघं तिच्या मागे उभे राहिलो. तिने चात्तुक्कुट्टीचं नाव शोधलं. त्याच्या नावाच्या ओळी होत्या, वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या मंगळवारांपुरत्या. पहिली तारीख ०४.०६.२०२४. दुसरी ११.०६.२०२४. तिसरी ०४.०६.२०२५.

"हे काय?" सिस्टरने विचारलं.

रम्लतने खाली सरकवलं. ११.०६.२०२५. मग ०४.०६.२०२६. मग ११.०६.२०२६. दर दोन ओळींना वर्ष एकाने वाढत गेलं होतं.

"टिंबं," ती शेवटी म्हणाली. "हॉस्पिटलच्या कार्डावर टिंबं दिलेली तारीख होती, मी तशीच टाइप केली. बाकी सगळीकडे मी तिरपी रेघ देते. टिंबं दिली की ह्या कॉम्प्युटरला ती तारीखच वाटत नाही. अक्षरं वाटतात. दोन तारखा लिहून मी रकाना खाली ओढला, म्हणजे पुढच्या तो आपणच भरतो, पण त्याला सात दिवसांचं अंतर कळलंच नाही. शेवटचा आकडा तेवढा दिसला, तो एकेकाने वाढवत गेला."

"तुला दिसलं कसं नाही?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, खोटं कशाला सांगू.

"अक्षरं डावीकडे चिकटतात आणि तारखा उजवीकडे. नजर टाकली असती तरी कळलं असतं." तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं. "पण मी सगळं मध्यभागी आणलंय ना. सुंदर दिसावं म्हणून."

एरवी मी असल्या वेळी काहीतरी लागट बोललो असतो. त्या दिवशी जीभ वळली नाही. कारण फळ्यावरची चुकी तिची होती, पण दोन महिने टेकडीवर जाणं नाही म्हणून सुखावलेले आम्ही सगळेच होतो. आणि त्या चहा फेकणाऱ्या माणसाची आठवण कुणी काढली नव्हती, कारण कुणाला काढायची नव्हती.

"चला," सिस्टर बॅग भरत म्हणाली. "बसून काय होणार आहे?"

रम्लत कधी जीपमधून येत नाही, तिला मळमळतं. ती उठली आणि पुढे जाऊन बसली. वाटेत एकदाच बोलली, "त्यांनी फोन का नाही केला? नंबर दिला होता." मोयदीनक्कांनी गिअर बदलला.

जीपचा आवाज ऐकून चिरुता, चात्तुक्कुट्टीची बायको, दारात आली. आम्हाला पाहून तिने कमरेला खोचलेला पदर सोडला आणि तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग एकदम खाली वाकून सिस्टरच्या पायांना हात लावायला लागली.

"अहो एडत्ती, थोरल्या बहिणीसारख्या तुम्ही, हे काय करताय?" सिस्टर मागे सरली.

"तुम्ही आलात," चिरुता म्हणाली. "मला वाटलं, आता येणार नाही. एवढा अपमान केल्यावर कोण येईल? मी कितीदा फोन हातात घेतला, बाई. पण कोणत्या तोंडाने बोलू?"

घरात शिरताच वास आला. तो वास आम्हाला ठाऊक आहे. सिस्टरने चात्तुक्कुट्टीला कुशीवर वळवलं आणि फडकं सोडवलं. रुपयाएवढ्या जखमेत आता मूठ मावली असती. चिरुताने धुतली होती ती, कडुनिंबाच्या पाण्याने, जुन्या मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, फडक्यांनी. फडकी स्वच्छ होती. अंगात ताप होता.

"मेडिकलला न्यायचं. आत्ताच," सिस्टर मला हळू म्हणाली. "रक्तात पसरलं असेल तर सांगता येत नाही."

चात्तुक्कुट्टीने आमच्याकडे पाहिलं नाही. चहा फेकणारा तो माणूस आता काही बोलतच नव्हता.

"बोलत नाहीत हो," चिरुता म्हणाली. "महिना झाला. मीच बोलून बोलून गप्प केलंय त्यांना. रोज त्यांना म्हणायची, तुमच्या ह्या जिभेने माणसं तोडलीत, आता सडा इथे. कपडे बदलताना म्हणायची, भरवताना म्हणायची. माझंही डोकं फिरलं होतं, बाई."

सिस्टरने रम्लतकडे बघून मान हलवली. आत्ता नको, असा तिचा अर्थ होता. सिस्टर शहाणी बाई आहे. पण रम्लत खाटेजवळ गेली आणि ओल्या जमिनीवरच बसली.

"एडत्ती, तुमच्यावर कुणीही रागावलं नव्हतं," ती म्हणाली. "चहाचं तर आम्ही त्याच संध्याकाळी विसरलो. चूक माझी. मी तारखा चुकीच्या भरल्या. पुढच्या मंगळवारच्या जागी पुढचं वर्ष पडलं, आणि मी तपासलं नाही. तुमच्या ह्यांनी काही केलं नाही. यांनी काहीच केलेलं नाही."

चिरुताला आधी कळलंच नाही. "कसल्या तारखा?" तिने विचारलं. रम्लतने पुन्हा सांगितलं. माझी खात्री होती की आता ती रम्लतच्या झिंज्या उपटणार, आणि खरं सांगायचं तर तिने तसं केलं असतं तर रम्लतला बरंच वाटलं असतं. ती गाल पुढे करून बसल्यासारखी बसली होती.

चिरुता नवऱ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. "ऐकलंत? तुमच्यामुळे नव्हतं." मग तिचा आवाज फुटला. "आणि मी रोज तुम्हाला... अहो, मी रोज तुम्हाला..." तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ओढून घेतला आणि खाटेच्या कडेला कपाळ टेकून रडायला लागली. तो हात तिथे नुसता पडून राहिला.

रम्लतही रडत होती, पण आवाज न करता, रडायचाही आपल्याला हक्क नसल्यासारखी. दोन महिन्यांची जखम एक वेळ भरेल. पण त्या बाईने दोन महिने जे सुनावलं, त्यावर कोणती पट्टी बांधायची?

मोयदीनक्का स्ट्रेचर घेऊन दारात आले. तेवढ्यात चात्तुक्कुट्टीचे ओठ हलले. आवाज इतका गंजला होता की सिस्टरला वाकावं लागलं.

"काय म्हणतायत?" चिरुताने डोकं वर केलं.

"विचारतायत," सिस्टर म्हणाली, "शेवटची तारीख कुठली पडली होती."

रम्लतने डोळे पुसले. खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती. "चात्तुएट्टा, सगळ्यात खालची... दोन हजार एकोणचाळीस. चार जून."

त्याने छपराकडे पाहिलं. मग त्याच्या छातीतून काहीतरी खरखरलं. आधी आम्हाला वाटलं खोकला आहे. तो हसत होता.

"डॉक्टरांनी पाच वर्षंसुद्धा दिली नव्हती," तो म्हणाला. "पोरी, तू तर फार मोठ्या मनाची निघालीस."

आणि बायकोच्या डोक्यावर नुसता पडलेला हात त्याने हलवला, केसांतून, एकदा, दोनदा. मग आम्ही चौघांनी चार कोपरे धरले आणि त्याला उचललं. उतारावर रम्लतचा पाय घसरत होता, तरी तिने तिचा कोपरा कुणाला दिला नाही.