मनगटावरचं उषाचं नाव

माझी बायको उषा जाऊन सहा महिने झाले. आमच्या लेकीला, मयूरीला, आईचं नाव चिनी लिपीत मनगटावर गोंदवायचं होतं. उटनूरच्या टॅटूवाल्याने भिंतीवरचा तक्ता पाहून USHA या चार इंग्रजी अक्षरांसाठी चार चिनी चिन्हं निवडली आणि त्यांचा जांभळा ठसा मनगटावर उमटवला. सुई लागण्याआधी मी त्याला थांबवलं.

माझी भाची भाग्यलक्ष्मी चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आली आहे. तिला फोटो पाठवला. काय लिहायचंय ते मुद्दाम सांगितलं नाही, फक्त काय लिहिलंय ते विचारलं.

लगेच तिचा फोन आला. “मामा, हे चार सुटे शब्द हायेत. नाव नाही, वाक्यबी नाही.” मी तिला उषाच्या नावाचं आणि तक्त्याचं सांगितलं. “चिनीत ए-बी-सी-डी नसतेच. परकं नाव उच्चारावरून लिहितात. तो तक्ता खोटा हाय.”

हे मी टॅटूवाल्याला सुनावलं, तर तो हसला. “काका, काऊन तापून राह्यले? इथं कोणाला वाचता येते?”

“वाचता येत नाही म्हणून माझ्या बायकोच्या नावावर कायबी खपवतो काय रे? असे किती जणांचे हात नासवले तू?”

मयूरी ओढणीने मनगट घासत होती. ठसा निघेना, म्हणून मी टॅटूवाल्याच्याच टेबलावरची स्पिरिटची बाटली उचलून तिच्या हातावर ओतली.