बेसिनखालचे दोन पाइप

कीलुंग बंदराच्या वरच्या टेकडीवर हिवाळ्यात ऊन पडत नाही, केवळ उजेड होतो; आणि तोही ओल्या कापडातून गाळून आल्यासारखा. चांद्र नववर्षाला चार दिवस उरले होते. घराघरांतून धुणेपुसणे चालले होते, आणि जिन्यात साबणाच्या वासाखाली ॲसिडचा एक बारीक, नाकाला चावणारा वास दबा धरून बसला होता. यौ मिस्त्री पाचवा मजला चढून आला तेव्हा श्वेताईंचे दार उघडेच होते. आत मुळ्याचा केक वाफेवर होता आणि बैठकीत प्रवासाची बॅग भरून तयार होती.

सत्तरीच्या श्वेताई बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. बोलणे मोजके, कान मात्र मांजरीचे. त्यांची तक्रार पंपाची होती. गच्चीवर त्यांच्या टाकीला यौनेच तीन वर्षांपूर्वी छोटा पंप बसवून दिला होता. नळ उघडला की तो आपोआप चालू होई, बंद केला की थांबे. आठवडाभर मात्र नळ सारे बंद असतानाही तो दर पंधरा-वीस मिनिटांनी जागा होऊन क्षणभर घुरघुरत होता. श्वेताईंचे म्हणणे असे की पंपाला वय झाले की तो झोपेत बोलतो. यौने सांगितले, पंप बोलतो तो पाणी कुठेतरी निसटत असते म्हणून.

त्याने घर खोली-खोलीने ऐकले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली चाळीस त्याने भिंतींच्या आतले ऐकण्यात घालवली होती. पाणी माणसासारखेच आपण जात आहोत हे फार हळू सांगते, हे त्याला ठाऊक होते. संडासाच्या टाकीत तळाचे रबर झिजले होते आणि केसाएवढी धार आत उतरत होती. त्याने रबर बदलले. मग अर्धा तास दोघेही गच्चीकडे कान लावून बसले. पंप गप्प होता.

काम इथेच संपायचे. पण गळती शोधताना सवयीने त्याने न्हाणीघरातल्या बेसिनखालचे कपाटही उघडून पाहिले होते, आणि तेव्हापासून त्याचे मन तिथेच अडकले होते.

कपाटात नळाला पाणी पोचवणारे दोन पाइप होते: आत रबराची नळी, वरून बारीक स्टीलच्या तारांची विणलेली जाळी. थंड पाण्याच्या पाइपाला, खालच्या नटाजवळ जिथे जाळी धातूच्या कड्यात शिरते तिथे, तांबूस ठिपके उठले होते. जाळीच्या तीन-चार तारा तुटून उभ्या राहिल्या होत्या. त्याने बोट फिरवले तेव्हा एक टोचली. आणि त्याच्या वर, दोन बोटे अंतरावर, पाइप किंचित फुगला होता, गिळताना थांबलेल्या गळ्यासारखा. पाण्याचा मात्र थेंब नव्हता. कपाटाचा तळ ठणठणीत कोरडा होता. पाइपाला टेकूनच ॲसिडची बाटली उभी होती, टोपण अर्धवट फिरवलेले. संडास घासायला या गावात घरोघर तीच बाटली असते, आणि वर्षाअखेरच्या सफाईनंतर ती बेसिनखालीच परत जाते. तिची अदृश्य वाफ बंद कपाटात दिवसरात्र स्टीलला कुरतडत असते.

हे पाइप त्यानेच बसवले होते, नऊ वर्षांपूर्वी. याच इमारतीत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत त्या वर्षी त्याने चाळीसेक घरांत तसलेच पाइप बसवले. तेव्हा प्रत्येक घरात त्याने एकच वाक्य सांगितले होते, थोड्या ऐटीत: स्टील आहे, जन्मभर बघायला नको. त्या वाक्याचा त्याला अभिमान होता. टेकडीवर लोक त्याला बोलावत ते त्याच्या पान्यासाठी नव्हे, त्या ठाम वाक्यासाठी.

तो हात पुसत होता तेवढ्यात श्वेताईंना फोन आला. ह्वालिएनहून भाची बोलत होती. तीनची गाडी, पाच दिवसांचा मुक्काम. घर एकटे सोडायची भीती वाटत नाही ना, असे ती विचारत असावी.

"कशाची भीती? आमच्या यौ मिस्त्रीनं बसवलंय सगळं," श्वेताई म्हणाल्या. "तो एकदा हात लावतो, मग आपण विसरून जायचं."

यौने पान्यांची पिशवी उचलली. सणाच्या शुभेच्छा दिल्या, घेतल्या. केकचा गरम तुकडा कागदात बांधून मिळाला. तो जिना उतरू लागला.

पाइप गळत नव्हता. हे त्याने स्वतःला चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा सांगितले. गळत नसलेल्या वस्तूबद्दल सणाच्या तोंडावर कुणी म्हातारीला घाबरवत नाही. परत आल्या की बदलू, अगदी सहज, काहीतरी निमित्त काढून. आपल्याच हाताचे काम चुकले असे सांगायची गरज तरी काय, कारण काम चुकलेच नव्हते. चुकले होते ते फक्त वाक्य. नऊ वर्षे हे पाइपाचे म्हातारपण असते. पाच झाली की संशय धरावा, दहाची वाट पाहू नये, हे त्याला गेली काही वर्षे माहीत होते. पण माहीत होणे आणि परत जाऊन सांगणे यांच्यामध्ये त्याने एकही जिना चढला नव्हता.

चौथ्या मजल्यावर, बरोबर श्वेताईंच्या खाली, लियान राहत. चित्रांना आणि लिखाणाला मागून कागद लावून गुंडाळ्या बनवणारा हा माणूस. दार हवेसाठी सताड उघडे. आत भिंतभर कागद ताणून चिकटवलेले, वाळत घातलेले. यौ उंबऱ्याशी थांबला. एवढ्या दमट गावात कागद वाळायला तीन आठवडे लागतात, असे लियान एकदा म्हणाले होते. एका रुंद कागदावर शाईत डोंगर होते, आणि डोंगरांमधल्या धुक्याच्या जागी काहीच काढलेले नव्हते, नुसता कागद.

"मिस्त्री, भूत बघितल्यासारखा काय उभा राहिलास?" लियान हातातला ब्रश न थांबवता म्हणाले. "हात लावू नकोस, एवढंच. देवळाचं काम आहे, माझं असतं तर लावू दिला असता."

यौ वर पाहत होता, छताकडे. त्या छतावर श्वेताईंचे न्हाणीघर होते. पाइप फुटला तर पाण्याचा दाब कमी होताच गच्चीवरचा पंप इमानाने चालू होणार होता, टाकी रिकामी होताच तरंगता गोळा खाली जाऊन तिला पुन्हा भरणार होता, आणि हे पाच दिवस चालणार होते, कुणी थांबवेपर्यंत. हा सारा इमानदार कारभार त्यानेच जोडून दिला होता.

तो परत वर गेला.

श्वेताई बूट घालत होत्या. यौने पिशवी खाली ठेवली आणि आडवळण न घेता सांगितले. "ताई, बेसिनखालचा पाइप फुटायला आलाय. मघाशीच बघितला होता. बोललो नाही."

"गळतोय?"

"नाही."

"मग?"

"गळला असता तर बरं झालं असतं. रबर एकदम जातं. जाळी त्याला धरून असते, आणि जाळी सुटत चाललीय."

श्वेताई बुटाची नाडी बांधता बांधता थांबल्या. "जन्मभर म्हणाला होतास."

"चूक म्हणालो होतो."

"कोणाच्या जन्माबद्दल बोलत होतास, ते तेव्हाच विचारायला हवं होतं मी." त्यांनी बूट काढले. गाडीला दोन तास होते.

तो धावतपळत दुकानातून दोन नवे पाइप घेऊन आला. लांबी नेमकी हवी होती. आखूड असता तर ताणला गेला असता, लांब असता तर त्याला वळसा पडून घडी बसली असती. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे पाइपाचे पाणी बंद करायची चावी, नऊ वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता. तो अर्धवट बंद झाला आणि अडला. यौने जोर केला नाही. गच्चीवर जाऊन त्याने पंपाची वायर काढली, श्वेताईंच्या टाकीचा कॉक बंद केला, मग खाली येऊन नळ उघडून उरलेले पाणी जाऊ दिले. जुना पाइप दोन्ही टोकांनी सोडवला तेव्हा बादलीत एक पेलाभर पाणी पडले, इतकेच.

त्याने तो पाइप श्वेताईंसमोर धरला आणि कड्याजवळ हलकेच वाकवला. उरलेल्या तारा एकामागून एक कट् कट् करत सुटल्या. फटीतून काळे रबर वर आले, आणि त्यावर भेगांचे जाळे होते, कोरड्या तळ्याच्या तळासारखे.

"आजच फुटला असता?" त्यांनी विचारले.

"सांगता येत नाही. आज, नाहीतर सहा महिन्यांनी. खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

या उत्तराने त्या का कोण जाणे सैलावल्या. गरम पाण्याचा पाइप वरून धड दिसत होता. तोही त्याने काढला, दोघांचे वय एकच म्हणून. नव्याचे वॉशर जागेवर बसल्याची खात्री केली, पाइपाला पीळ पडू न देता नट हाताने आवळले आणि पान्याने फक्त पाव वेढा दिला. जास्त आवळले की वॉशर चिरडते, हे सांगताना त्याला आपला आवाज नऊ वर्षांपूर्वीच्या आवाजाहून बारीक वाटला. मग पाणी सोडून त्याने प्रत्येक जोडावरून टिश्यू कागद फिरवला. कागद कोरडा राहिला. पाइपाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर बसवल्याचा महिना-वर्ष लिहिले. खाली, पाच वर्षांनी बदलावा. ॲसिडची बाटली त्याने घट्ट टोपण लावून बाल्कनीत नेऊन ठेवली.

"आणि जाताना गच्चीवरचा कॉक बंद करून जा," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास असला तरी."

"असला तरी, की नसला म्हणून?"

"दोन्ही."

श्वेताई हसल्या नाहीत, पण केकचा दुसरा तुकडा कापायला त्या वळल्या, तेव्हा त्यांच्या पाठीत मघाचा ताठरपणा नव्हता. गच्चीवरचा कॉक बंद झाल्यावर बॅग उचलून देत तो त्यांच्याबरोबर खाली उतरला. गाडीला वेळ होता. फाटकाशी त्यांनी विचारले, बाकीच्या घरांचे काय.

बाकीची घरे चाळीसेक होती. बंदराच्या बाजूने एक भोंगा लांबवर वाजला आणि धुक्यात विरला. यौने मनातल्या मनात गल्ल्या मोजल्या. प्रत्येक दारात तेच बोलावे लागणार होते, आणि काही दारांत ते चहा पाजून हसत ऐकून घेतले जाणार नव्हते. लोक म्हणतील, मग आता काय खात्री देतोस? खात्री द्यायला त्याच्याकडे काहीच उरले नव्हते, एक टॉर्च आणि एक तारीख सोडून.

श्वेताईंची टॅक्सी वळणाआड गेल्यावर तो पुन्हा जिना चढला आणि चौथ्या मजल्याच्या उघड्या दाराशी बूट काढून आत गेला.

"लियान, तुमच्या बेसिनखालची खळीची भांडी जरा बाजूला करा," तो म्हणाला. "मी बसवलेलं काहीतरी बघायचंय. आणि बघून झालं की माझं थोडं ऐकून घ्या."

लियाननी ब्रश खाली ठेवला.