पाठीला सात पेरं

पुण्याच्या ऑफिसातून आलेला कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. त्वचेच्या मलमाची माहिती, रुग्णांसाठी, मराठीत. आधीच्या कुणा शहाण्याने लिहिलं होतं, ‘बाधित भागावर एक बोटाग्र एकक लावावे.’ बोटाग्र एकक! मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, मला दोनदा वाचावं लागलं. मंगरूळपीरच्या बाजारात हे कुणाला ऐकवलं असतं तर त्याने मला चहा पाजून घरी पोचवलं असतं.

निवृत्त झाल्यापासून मी अशा कागदांचं मराठी करते. मुलगा बंगळुरूला, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात बोलायला भिंती. निदान कागदाशी तरी भांडता येतं.

ते सगळं खोडून मी लिहिलं: ‘मोठ्या माणसाच्या अंगठ्याजवळच्या बोटावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सरळ वात काढा. हे झालं एक पेर. दोन तळहात, बोटांसकट, जेवढी जागा झाकतात तेवढ्या जागेला एक पेर पुरतं.’ पुढे कुठे किती तेही दिलं. एका हाताला पंजासकट चार, एका पायाला पावलासकट आठ, पाठीला ढुंगणासकट सात. ‘ढुंगण’ शब्दावर ऑफिसची मुलगी फोनवर अडखळली. मी म्हटलं, बाई, लोकांना तेच असतं.

कागद छापण्याआधी तो एका खऱ्या रुग्णाला वापरायला द्यायचा, असा त्यांचा नियम. माझा रुग्ण ठरलेलाच होता. गल्लीच्या टोकाला राहणारे इंद्रभानभाऊ. त्यांना सोरायसिस. कोपरं, नडग्या आणि अख्खी पाठ, लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे. हा रोग शिवल्याने होत नाही, हे मी गल्लीभर सांगून थकले. तरी लोक त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत नाहीत. बायको गंगू गेली, दोन्ही पोरं पुण्यात. शेत बटाईने दिलेलं.

कागद त्यांनी दोनदा वाचला आणि मला धडाधडा म्हणून दाखवला. पेर बोटावर काढून दाखवलं, अगदी रेघेपर्यंत, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी खूश. ऑफिसला कळवलं, रुग्णाला सगळं समजलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना शर्ट काढायला लावला. परत आले ते थेट माझ्या दारात, चप्पल न काढता उभे राहिले.

“सिस्टर, तो कागद चुकीचा हाये तुमचा.”

“काय झालं?”

“हातपाय साफ झाले. पाठ जशीच्या तशी. डॉक्टर म्हन्ते, मलम लागू पडून नाई राह्यलं, पुढच्या टायमाले गोळ्या चालू करू. दर महिन्याले रक्त तपासा लागते म्हन्ते.”

“मग करू की तपासणी. त्यात काय?”

“त्यात काय?” त्यांचा आवाज चढला. “पोरायले कळलं का गोळ्या चालू झाल्या, तं ते मले इथं ठेवतीन का? मांगच म्हनून राह्यले, बाबा, एकटे राहू नका, घराले कुलूप लावा, पुन्याले चाला. मी त्या आठव्या मजल्यावर काय करू? खिडकीतून खाली पाहत बसू? मले माया घरातच राहाचं हाये, सिस्टर. तुमच्या कागदापाई माहं घर जाईन.”

एकटेपण एवढं जपणारा माणूस मी पाहिला नव्हता. पण मला ते कळत होतं. मीही बंगळुरूला पंधरा दिवसांच्या वर राहत नाही.

तेच मलम, तोच माणूस, तेच माप. हातपाय बरे होतात आणि पाठ होत नाही? मी म्हटलं, “चला तुमच्या घरी. बोलून दाखवू नका, लावून दाखवा.”

“ते कायले?”

“दाखवा म्हटलं ना.”

ते नको नको म्हणत राहिले, मी ऐकलं नाही. ओसरीत गेल्यावर त्यांनी शर्ट काढला आणि माझ्याकडे न पाहता ट्यूब उघडली. बोटावर पहिलं पेर काढलं, बरोबर रेघेपर्यंत. ते बोट त्यांनी ओसरीतल्या सागवानी खांबावर पुसलं. दुसरं पेर, त्याच्या खाली. तिसरं. सात पेरं, छातीएवढ्या उंचीपासून कमरेपर्यंत, एकेक मोजून खांबाला लावली. मग वळले, खांबाला पाठ टेकवली आणि म्हैस झाडाला घासते तशी घासू लागले.

मी तिथेच बसले. खांब मधोमध तेलकट काळा झाला होता. लाकूड सगळं मलम पिऊन गेलं होतं. पाठीला मिळत होता तो फक्त घासा, आणि चट्टे त्या घाशानेच आणखी लाल झालेले दिसत होते.

“हात पुरत नाई मांगं,” ते म्हणाले. घासणं थांबलं होतं, पण खांबापासून ते हलले नाहीत. “माप तं बरोबर होतं ना?”

“माप बरोबर होतं, भाऊ.”

“मंग?”

कागदात शेवटी एक ओळ होती, माझ्याच हातची: ‘पाठीला मलम लावण्यासाठी घरातील व्यक्तीची मदत घ्यावी.’ इंग्रजीत होतं तसं मी केलं होतं आणि पुढे गेले होते. घरातील व्यक्ती. मी घरी एकटी बसून ते लिहिलं आणि मला काही खटकलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

“मला का नाही सांगितलं? पस्तीस वर्षं मी लोकांच्या पाठीच धुतल्या!”

“तवा तुमी ड्युटीवर होत्या. आता लोकं काय म्हनतीन?”

“तुमच्या शेजारी न बसणारे लोक? त्यांना म्हणू द्या. गोळ्या की मी, बोला.”

ते खांब सोडून स्टुलावर बसले, पाठ माझ्याकडे करून. दरवाजा मी सताड उघडा ठेवला, ज्याला बघायचं त्याने बघावं.

मी हात धुतले, बोटावर पेर काढलं आणि खांद्यापासून सुरुवात केली, पातळ थर, केस ज्या दिशेला जातात त्या दिशेने. पहिल्या स्पर्शाला त्यांची पाठ दचकली. मग हळूहळू सैल झाली. दवाखान्यात मी दिवसाला कितीतरी पाठी पाहिल्या, पण इतक्या दिवसांत माझ्याही हाताला माणूस लागला नव्हता. ऊब असते माणसाला, हे मी विसरले होते.

उद्यापासून रोज एकदा यायचं, आणि डॉक्टरांना मी स्वतः फोन करून सांगणार की पाठीला मलम आजपासून लागतंय, गोळ्यांचं नंतर बघा. हे सगळं मी त्यांना हात चालवता चालवता सांगितलं. ते नुसतं हूं हूं करत होते.

“झालं,” मी म्हटलं. “सात.”

ते उठले नाहीत. “सिस्टर, तुमचं बोट बारीक हाये. तुमचं पेर माया पेराहून लहान. माया पाठीले आठ लागतीन.”

मी मनात हिशेब केला. बाईच्या पेरात मलम थोडं कमी बसतं, तेव्हा आठानेही जास्त होत नव्हतं. पण त्यांना हिशेब नको होता, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होता.

मी ट्यूब पुन्हा उघडली आणि आठवं पेर सावकाश काढलं.