आबांची किल्ली

बाळ दुपारी झोपलं की माझ्या हाताला थोडा वेळ सापडतो. अशीच एक दुपार मी गाडीत घालवली. म्हणजे आबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, नव्या गाडीत.

गाडी संदेशनं, माझ्या नवऱ्यानं, हौसेनं घेतली. तो चाकणला कामाला बसनं जातो. गाडी इथं घरी, वडिवळ्यात असते ती आबांसाठी. आईंना, माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दर बुधवारी त्यांना तुंगार्लीला व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं. मला गाडी येत नाही. आबा चाळीस वर्षं जीप चालवत आलेत, पण या गाडीत समोर बटणंच नाहीत. काचेवरची वाफ घालवायची तरी मधल्या पडद्यावर चार ठिकाणी बोट लावायचं.

"आगं, ह्यो टीव्ही बघू का रस्ता बघू?" आबा म्हणाले होते.

म्हणून मी आबांच्या नावानं वेगळं प्रोफाइल केलं. अक्षरं सगळ्यात मोठी. पहिल्या पानावर तीनच चौकोन: फोन, नकाशा, हवा. स्टिअरिंगवर चांदणीचं एक बटण होतं, त्याला आपण सांगू ते काम देता येतं. त्याला काचेवरची वाफ घालवण्याचं काम दिलं. यादीत मराठी नव्हती, म्हणून बोलून सांगायची भाषा हिंदी ठेवली. ते प्रोफाइल एका किल्लीला जोडलं, दुसरी किल्ली संदेशची. ज्याच्या किल्लीनं दार उघडेल त्याचा पडदा येतो. दोन्ही किल्ल्या सारख्याच दिसतात, म्हणून आबांच्या किल्लीला लाल दोरा बांधला.

पहिल्या बुधवारी आबा पडद्याला म्हणाले, "सारिका को फोन लगाओ." माझा फोन वाजला. पलीकडून आई हसत होत्या. डाव्या ओठातून हसू सांडतं त्यांचं, तरी हसत होत्या.

"हिंदी बोलायला लागली का गाडी तुमच्याशी?" मी म्हटलं.

"न्हाई, मीच बोलतोय. ती बया ऐकतीय, त्यातच आलं!"

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. त्यानंतरच्या बुधवारी परतीचा पाऊस लागला. दहाच्या सुमारास आबांचा फोन आला, त्यांच्या खिशातल्या साध्या फोनवरून.

"पोरी, काच सगळी पांढरी झालीया. ते बटण दाबलं तर गाणं लागलं. मोठ्यांदा. बंद व्हयना."

"कुठं आहात?"

"तुंगार्लीच्या अलीकडं, कडंला घेतलीया."

मला कळलं. आबांनी संदेशची किल्ली नेली होती. त्याच्या प्रोफाइलमध्ये चांदणीला गाणी आहेत, भाषा इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी.

"आबा, वर उजव्या कोपऱ्यात माणसाचं चित्र आहे. त्यावर बोट लावा. तुमचं नाव दिसेल."

"कुटं? मला समदं एकच दिसतंय."

मांडीवर बाळ रडायला लागलं. मागून आई काहीतरी म्हणत होत्या, त्यांचे शब्द अजून नीट फुटत नाहीत. "गप गं, काय न्हाई," आबा त्यांना म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. चाळीस वर्षं घाट चढलेला माणूस.

"खिडक्या खाली करा, आबा. वाफ जाईल."

"पाऊस तिच्या अंगावर येतुया."

"थोडाच वेळ."

ते तसेच हळूहळू परत आले. दवाखाना राहिला. आईंचा डावा खांदा भिजला होता.

देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावर दुसरी, आबांची किल्ली होती. तिला लाल दोरा होताच, आणि आबांनी नेलेल्या किल्लीलाही. दसऱ्याला पूजेच्या ताटात दोन्ही किल्ल्या होत्या. आईंनी एकाच चालत्या हातानं, दात लावून, संदेशच्या किल्लीलाही तसाच दोरा बांधला होता. एकीला दिला नि एकीला नाही, हे त्यांना बरं वाटलं नसणार. गाठ पक्की होती. नखानं सुटेना.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी ती पाहिली होती. त्यांनी मान हलवली, आईंना सांगू नको म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मी बाळाला कडेवर घेऊन गाडीत बसले आणि दोन्ही किल्ल्यांना आबांचंच प्रोफाइल जोडलं. पाच मिनिटांचं काम. आबांना दाखवलं, "आता कुठलीही घ्या."

"बघू," ते म्हणाले, आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

रात्रपाळीहून आलेला संदेश म्हणाला, "आता आबांनी नकोच चालवायला. मी सुट्टी काढेन." सुट्टी मिळाली नाही.

बुधवार आला. मी आईंना हिरवं पातळ नेसवलं, वेणी घातली. त्या ओसरीवर येऊन बसल्या.

"गाडी बिघडलीया," आबा म्हणाले. तिच्याकडे न बघता.

मी तोंड उघडलं. गाडीत काही बिघाड नाही म्हटलं, तर मग त्या दिवशी काय झालं ते सांगावं लागणार. आणि आई त्या दोऱ्यापायी स्वतःला किती दिवस बोल लावतील, ते मला माहीत आहे. मी बाळाचं टोपडं सारखं करत बसले.

आई एकेक शब्द जोडत म्हणाल्या, "मग... मिस्त्री... बोलवा की."

"बोलवतो," आबा म्हणाले.

आईंनी पदर मांडीवर नीट घेतला, आणि फाटकाकडे बघत बसून राहिल्या.