मोकळा ठेवलेला कान

तिला दिसत नव्हतं, पण म्हणून तिचं कोड लिहिणं कधी अडलं नव्हतं. कर्सर ज्या ओळीवर जाई ती ओळ कॉम्प्युटर कानात वाचून दाखवी. वर आणखी आवाज: ओळीत चूक असली की एक, प्रोग्राम थांबवायची खूण, म्हणजे ब्रेकपॉइंट, असली की दुसरा, आणि ओळीखाली घडी घालून झाकलेला मजकूर असला की तिसरा.

नव्या ऑफिसात तिने चूक दाखवणारा आवाज तेवढा चालू ठेवून बाकीचे दोन बंद करून टाकले. कारण ऐकाल तर हसाल. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान माणसांसाठी मोकळा, अशी तिची व्यवस्था होती. एकाच कानात एवढ्या आवाजांनी डोक्याचा भुगा व्हायचा. कुणी हाक मारली तर ऐकू यावी, एवढंच तिला हवं होतं.

महिना होत आला, कुणी हाक मारली नव्हती. शेजारच्या टेबलांवर सिनेमे, घरभाडी, सासवा, सगळं निघे. तिच्यापाशी आली की माणसं कामापुरती बोलत आणि पाय काढता घेत.

आज तिची परीक्षा होती. दवाखान्याच्या पेशंटना आठवणीचा मेसेज पाठवणारा भाग नीट झाला, तर नोकरी पक्की. सगळी फाइल ऐकली, पण मेसेज पाठवणारी ओळच सापडेना. राहिली असेल, म्हणून तिने ती लिहिली. चूक दाखवणारा आवाज आला नाही. तिने काम सोपवलं.

थोड्या वेळात टीमलीड खुर्ची ओढत आला.

"अगं, एकेकाला दोन-दोन मेसेज जातायत! चाचणीतच कळलं म्हणून बरं."

आपल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून तिने प्रोग्राम चालवला. तो तिथे थांबला, तोवर एक मेसेज गेलेलाही होता. मग तिने दुसराही इअरफोन घातला, बंद केलेले आवाज सुरू केले आणि ओळीओळीने वर सरकू लागली. आपल्या ओळीवर ब्रेकपॉइंटचा आवाज. बऱ्याच ओळी गप्प. आणि मग घडीचा आवाज. घडी उघडली, तर पाठवणारी ओळ आत आरामात बसलेली.

"ही घडी माझी नाही," एक इअरफोन काढत ती म्हणाली.

"अरे देवा! काल तुला समजावताना मीच घातली. स्क्रीनवर पसारा नको म्हणून."

"आवाज मी बंद केले होते. माझंही चुकलंच."

"बंद कशाला केलेस?"

खरं सांगणं तिच्या जिवावर आलं. "असंच."

"आता चालूच ठेव बाई. आणि नोकरी पक्की समज."

तिने आजूबाजूला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "आता माझे दोन्ही कान बंद असतील. काही बोलायचं झालं तर खांद्यावर हात ठेवा."

"हो हो, नक्की!" तिघंचौघं म्हणाली.

तिने दोन्ही इअरफोन घातले. कोड आता सगळाच्या सगळा ऐकू येत होता. काम झरझर होत होतं, तरी तिचं अर्धं लक्ष खांद्याकडे होतं. दिवे मालवायला आलेल्या शिपायाने टेबलावर केलेली टकटक हातांना जाणवली, तेव्हा तिला कळलं की सगळे केव्हाच घरी गेले होते.